एका रावीची हदीस: नमाजात चालते, मग अकीद्यात का नाही?

प्रश्न : सर, माझं माहेर चिपळूणचं, शाफई. सासर सांगलीचं, हनफी. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला तो नवीनच घेऊन आला. म्हणे कबरीच्या अजाबची हदीस ‘आहाद’ आहे, म्हणजे मोजक्याच लोकांनी सांगितलेली, मुतवातिर नाही, म्हणून ती अकीद्यात, म्हणजे काय मानायचं यात, चालत नाही. पण नमाजच्या शेवटी कबरीच्या अजाबापासून पनाह मागायची दुआ मात्र रोज म्हणतो! माझे दीर भडकले. म्हणाले, हदीस एक तर खरी असते नाही तर खोटी, अमलाला खरी आणि ईमानाला खोटी असं कसं? त्यात मुलाच्या एका मित्रानं ग्रुपवर लिहिलं की असं बोलणारा काफिर. मी घाबरून गेले आहे. जुन्या फकीहांनी खरंच अशी दोन मापं लावली होती का? आणि मुलाशी बोलू काय? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, घाबरू नका. मित्राचं ते वाक्य तिघांमध्ये सर्वांत कच्चं आहे. त्याच्याकडे शेवटी येतो, आधी दिरांचं घेतो.

एखादी गोष्ट घडली किंवा घडली नाही, यात दुमत नाही. पण फकीहांपुढे आणखी एक प्रश्न होता. प्रेषितांनी (स.) अमुक म्हटलं, हे इतक्या पिढ्यांनंतर, इथं बसून, मला कितपत पक्कं कळू शकतं? या प्रश्नाला खरं आणि खोटं अशी दोनच उत्तरं नाहीत. त्याला पायऱ्या आहेत आणि सगळा वाद त्या पायऱ्यांचा आहे. ‘अकीद्यात चालत नाही’ म्हणजे ‘खोटी आहे’, असं त्या मंडळींपैकी कोणी म्हणत नव्हतं. तुमच्या मुलाला हे कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. दिरांनीही त्याचं बोलणं त्याच चुकीच्या अर्थानं ऐकलं.

सर्वांत वरची पायरी मुतवातिर. खबर इतक्या लोकांनी सांगितलेली हवी की त्या सगळ्यांनी संगनमत करून खोटं रचलं असेल किंवा सगळ्यांची एकदमच चूक झाली असेल, हे माणसांच्या रीतीत बसत नाही. ही गर्दी साखळीच्या प्रत्येक पिढीत हवी. आणि सुरुवातीच्या लोकांनी ती गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली किंवा कानांनी ऐकलेली हवी, नुसती तर्कानं काढलेली नको. मक्का नावाचं शहर आहे, हे कधी हजला न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं आणि तो त्याचा पुरावा मागत बसत नाही. जुन्या ग्रंथांत असल्याच उदाहरणांनी हे समजावलेलं आहे. किती माणसं हवीत यावर मात्र गमतीदार आकडे निघाले. कुणी चार म्हणालं, कुणी बारा, कुणी चाळीस, कुणी सत्तर, तर कुणी बदरच्या लढाईतल्या मुसलमानांवरून 313. इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी हे आकडे बाजूला सारले. त्यांचं म्हणणं असं की आधी आकडा पुरा झाला आणि मग खात्री पटली, असं होत नाही. खात्री पटते आणि त्यावरून कळतं की माणसं पुरेशी होती.

कुरआन अशा रीतीनं आपल्यापर्यंत आला. पाच वेळच्या नमाजा, त्यांच्या फर्ज रकातींची संख्या, रमजानचे रोजे हेही असेच आले. हदीसच्या संग्रहांत मात्र शब्दशः मुतवातिर असलेल्या हदीस फार थोड्या. इब्न सलाह (मृत्यू 1245) यांनी तर लिहून ठेवलं की असं उदाहरण शोधता शोधता माणूस थकेल. त्यांनी हमखास म्हणून दिलेली हदीस एकच : जो जाणूनबुजून माझ्या नावावर खोटं सांगेल, त्यानं आपली जागा आगीत समजावी. ती साठाहून अधिक सहाबांकडून आलेली आहे.

आता तुमच्या मुलाला एक गोष्ट विचारा. सर्वांत प्रसिद्ध हदीस कोणती? तो बहुतेक नियतची सांगेल : अमलांचा दारोमदार नियतवर आहे. सहीह बुखारी तिथूनच सुरू होते. तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्या रावींची साखळी, बघा. प्रेषितांकडून ती हजरत उमर सांगतात. त्यांच्याकडून अलकमा बिन वक्कास, त्यांच्याकडून मुहम्मद बिन इब्राहीम तैमी, त्यांच्याकडून यह्या बिन सईद अन्सारी. चारही ठिकाणी भरवशाची वाट एकेकाच माणसाची. यह्यांपासून पुढे मात्र ऐकणाऱ्यांची झुंबड उडते आणि हदीस घराघरांत पोचते. पण ही नंतरची गर्दी कामाची नाही, कारण सुरुवातीचे चार दुवे एकेकटेच राहिले. म्हणून ही हदीस मुतवातिर नाही. शास्त्राच्या हिशेबानं ती आहादच. तिच्या खरेपणाबद्दल मात्र मुहद्दिसांना शंका नाही आणि फिकहचे कितीतरी बाब तिच्यावर उभे आहेत. मुतवातिर नसणं आणि कमकुवत असणं या दोन गोष्टी किती लांबच्या आहेत, हे एवढ्यावरून कळावं. आणखी एक : मुतवातिरच्या खालचं सगळंच या खान्यात पडतं. दोघांनी सांगितलेली, तिघांनी सांगितलेली हदीसही खबरे वाहिदच, म्हणजे आहादच.

मग कायद्यात ती का चालली? याचं उत्तर हजरत अबूबकर यांच्या खिलाफतीतल्या एका दाव्यात आहे. एक आजी आली आणि मेलेल्या नातवाच्या मालमत्तेत वाटा मागू लागली. अबूबकर म्हणाले, अल्लाहच्या किताबात तुझ्यासाठी काही नाही आणि प्रेषितांच्या सुन्नतमध्येही मला काही ठाऊक नाही. तू परत जा, मी लोकांना विचारतो. त्यांनी विचारलं. मुगीरा बिन शोबा उठून म्हणाले, प्रेषितांनी आजीला सहावा हिस्सा दिला तेव्हा मी हजर होतो. अबूबकरनी विचारलं, तुझ्याबरोबर आणखी कोणी? तेव्हा मुहम्मद बिन मसलमा उठले आणि तेच बोलले. आजीला सहावा हिस्सा मिळाला.

इथं जरा थांबा. दुसरा माणूस उठला म्हणून खबर मुतवातिर झाली नाही. दोघांची खबर ही आहादच. अबूबकरना ती मुतवातिर करायचीही नव्हती. एकाच्या स्मरणात चूक असू शकते, तेवढी शक्यता त्यांनी कमी करून घेतली. हजरत उमर तर एकावरही थांबले आहेत. नवरा मारला गेला तर त्याच्या खुनाच्या भरपाईत बायकोला वारसा नाही, असं त्यांचं मत होतं. जह्हाक बिन सुफयान यांनी सांगितलं की अशयम जिबाबीच्या बायकोला त्यातून वारसा द्यावा, असं प्रेषितांनी मला लिहून कळवलं होतं. उमरनी आपलं मत सोडलं.

आता अबूबकरांच्या जागी बसून बघा. मालमत्ता वाटायची आहे. सहावा हिस्सा द्या, नाही तर देऊ नका, तिसरी वाट नाही. ‘पक्की खात्री होईपर्यंत काहीच करत नाही’ असं म्हटलं, तरी तो निकालच झाला, तो आजीच्या विरोधात गेला आणि त्याच्या पाठीशी तर एकाही माणसाची खबर नाही. कायद्यात हे सतत होतं. अमल टाळता येत नाही. म्हणून हाताशी जी सर्वांत भरवशाची खबर असेल, तिच्यावर चालणं हेच कर्तव्य ठरतं, आणि तसं चालून चूक निघालीच तर त्या माणसावर गुन्हा नाही. उसूलच्या, म्हणजे कायदा कसा काढायचा त्या नियमांच्या, पुस्तकांत याला गालिब गुमानवर अमल म्हणतात, म्हणजे दाट संभवावर चालणं.

इमाम शाफई (मृत्यू 820) यांनी आपल्या ‘रिसाला’त हे काझीच्या कचेरीत नेऊन ठेवलं. काझी दोन भल्या साक्षीदारांवर निकाल देतो, त्या निकालानं माणसाची मालमत्ता जाते, जीवही जातो. ते दोघे चुकले असतील का? असू शकतात. तरी काझीला ‘मला शंका आहे’ म्हणून निकाल थांबवता येत नाही. त्याच्यापुढे त्यांचा जो खरेपणा दिसतो त्यावर त्यानं निवाडा द्यायचा, आतलं अल्लाह जाणे. आणि याच ठिकाणी शाफईंनी तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन ठेवलंय. ते म्हणतात, अशा खबरीवर कुणी शंका घेतली तर आम्ही त्याला ‘तौबा कर’ म्हणत नाही. आम्ही म्हणतो, तू जाणकार असशील तर तुला शंका घेऊन अडून राहायचा हक्क नाही. उलट कुरआनच्या स्पष्ट आज्ञेवर आणि सर्वांना ठाऊक असलेल्या सुन्नतवर जो शंका घेईल, त्याच्याकडून तौबा करवली जाते. दोन्ही बंधनकारकच. फरक पडतो तो शंका घेणाऱ्याशी कसं वागायचं यात.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर तुमच्या घरातच त्याचा नमुना आहे. तुम्ही माहेरच्या सवयीनं इमामामागेही फातिहा पढत असाल आणि सासरचे गप्प उभे राहत असतील. कोकणातून घाटावर लग्न होऊन आलेल्या बऱ्याच जणींची ही पहिली चकमक असते. आधार दोघांकडे सारखेच आहेत. कुरआनची सूरे मुज्जम्मिलमधली आयत सांगते, कुरआनमधून जे सोपं जाईल ते पढा. आणि उबादा बिन सामित यांची बुखारी-मुस्लिममधली हदीस सांगते, ज्यानं फातिहा पढली नाही त्याची नमाजच नाही. शाफई म्हणतात, हदीसनं आयतीचा अर्थ उलगडला, म्हणून फातिहा रुक्न. ती प्रत्येक रकातीत हवी आणि राहिली तर ती रकात धरली जात नाही. हनफी फकीह म्हणतात, आयत पक्की आणि तिनं मोकळीक दिलेली आहे. ती मोकळीक आहाद खबरीनं काढून घेता येणार नाही. पण खबर सहीह आहे, तर ती टाकताही येणार नाही. म्हणून कुरआनमधलं काहीही पढणं हे फर्ज, फातिहा पढणं हे वाजिब. फातिहा चुकून राहिली तर सजदा सहव करायचा, नमाज होते. मुद्दाम सोडली तर गुनाह आहे आणि नमाज पुन्हा पढायची.

(इमामामागे गप्प राहण्याची हनफींची कारणं आणखी वेगळी आहेत. त्यात आज शिरत नाही, नाही तर पानं पुरायची नाहीत.)

या एका मसल्यात बघा, दोन मापांची गोष्ट कायदा आणि अकीदा यांच्या सीमेवर सुरू होत नाही. ती कायद्याच्या पोटातच सुरू होते. हनफींनी फर्ज आणि वाजिब हे दोन खाने केले, ते खबरीच्या पक्केपणावर. अमल दोन्हींचा करायचाच. पण फर्ज नाकारणारा इस्लामबाहेर जातो, वाजिब नाकारणारा जात नाही, तो गुनाहगार ठरतो. मधे त्यांनी मशहूर नावाची आणखी एक पायरीही ठेवली : सुरुवातीला थोडे रावी, पण पुढच्या पिढ्यांनी उचलून धरलेली खबर. मोज्यांवर मसह करण्याची हदीस त्यातली. ती नाकारणाऱ्याला त्यांनी बहुधा गुमराह म्हटलं, काफिर नाही.

अकीद्यात हेच तत्त्व शेवटपर्यंत ताणलं गेलं. अमलात ‘करू का नको’ हा प्रश्न असतो आणि तो आजच्या आज सोडवावा लागतो. अकीद्यात ‘असं आहे का’ हा प्रश्न असतो. तिथं दाट संभवावर हात हलवता येतो तसं मनाला ‘आता शंभर टक्के खात्री धर’ असा हुकूम देता येत नाही. जितका पुरावा, तितकीच खात्री. कलामच्या, म्हणजे अकीद्याची तर्कानं मांडणी करणाऱ्या, आलिमांनी आणि बहुतेक उसूलींनी म्हणून म्हटलं की ज्या गोष्टीवर माणसाचं मुसलमान असणं-नसणं ठरतं, तिच्यासाठी पुरावा असा हवा की त्यात चुकीला जागाच नसेल. एखादा भला, सच्चा, चांगल्या स्मरणाचा रावीसुद्धा एखादा शब्द विसरू शकतो. त्याच्या शब्दावर वारसा वाटता येईल, कारण वाटावाच लागतो. पण त्याच्या शब्दावर दुसऱ्या माणसाला दीनबाहेर काढता येणार नाही, कारण ते करण्याची कसलीच निकड नाही आणि चूक झाली तर ती भरून निघत नाही.

हे सर्वांनीच मान्य केलं, असं मात्र नाही आणि मुलाला ही दुसरी बाजू कुणी सांगितलेली दिसत नाही. इब्न हज्म (मृत्यू 1064) म्हणत, भरवशाच्या रावींची अखंड सनद असेल तर तिच्यापासून ज्ञानही मिळतं आणि अमलही बंधनकारक होतो, दोन भाग करायचेच नाहीत. इब्न सलाह म्हणाले, बुखारी आणि मुस्लिम यांच्या ग्रंथांतल्या हदीस उम्मतनं एकमुखानं स्वीकारल्या, म्हणून त्या पक्क्या. इमाम नववी (मृत्यू 1277) यांनी त्यांना अडवलं. उम्मतनं स्वीकारल्या म्हणजे त्यांच्यावर अमल करायचा हे ठरलं, प्रेषितांनी तो शब्द उच्चारलाच अशी खात्री त्यातून निघत नाही, असं ते म्हणाले. बहुसंख्य आलिमांचं मत हेच असल्याचंही त्यांनी नोंदवलं. पुढे इब्न हजर (मृत्यू 1449) मधे आले. खबर एकटी असेल पण तिच्या आजूबाजूला पाठबळ देणारी लक्षणं असतील, तर अभ्यास करणाऱ्याला तिच्यापासून खात्री मिळू शकते, असं त्यांनी मांडलं. मला स्वतःला हे सर्वांत पटतं, कारण ते आकड्यांपेक्षा पुरावा बघायला लावतं. मुद्दा इतकाच की ‘आहाद अकीद्यात चालत नाही’ हा एक वजनदार पक्ष आहे. तो एकमतानं झालेला ठराव नाही.

आता कबरीचा अजाब. तुमचा मुलगा जी दुआ म्हणतो, ती सहीह मुस्लिममध्ये अबू हुरैरांकडून आहे. तशह्हुद झाल्यावर चार गोष्टींपासून पनाह मागा : जहन्नमचा अजाब, कबरीचा अजाब, जगण्या-मरण्याचा फितना आणि दज्जालचा फितना. एकाच वाक्यात अमल आणि अकीदा एकमेकांत गुंफलेले. बहुतेक फकीहांनी ही दुआ मुस्तहब मानली. सहाबांच्या पुढच्या पिढीतले आलिम ताऊस यांनी मात्र आपल्या मुलाला विचारलं होतं, नमाजात ही दुआ म्हटलीस का? तो नाही म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला नमाज पुन्हा पढायला लावली. इमाम मुस्लिम याचं कारणही देतात : ताऊसकडे ही गोष्ट तिघा-चौघांकडून आलेली होती.

तुमच्या मुलाची चूक तत्त्वात नाही. त्यानं तत्त्व चुकीच्या ठिकाणी लावलं. कबरीच्या अजाबची खबर एकाच हदीसवर उभी नाही. इब्न अब्बास सांगतात की प्रेषित ही दुआ कुरआनच्या सूरेसारखी शिकवत. हजरत आयशांकडून ती वेगळ्या प्रसंगात येते. दोन कबरींजवळून जाताना प्रेषित थांबले, एकाला लघवीच्या शिंतोड्यांबद्दल बेपर्वाईसाठी आणि दुसऱ्याला चुगलीसाठी अजाब होतोय म्हणाले आणि खजुरीची ओली फांदी चिरून दोन्हींवर लावली. हा तिसराच प्रसंग. असे पुष्कळ सहाबा, वेगवेगळे प्रसंग, वेगवेगळे शब्द. एकेक घेतली तर प्रत्येक आहाद. पण सगळ्यांतून जो एक अर्थ निघतो, तो इतक्या बाजूंनी येतो की अनेक आलिमांनी त्याला अर्थानं मुतवातिर म्हटलं. शिवाय सूरे मोमिनमध्ये फिरऔनच्या लोकांना सकाळ-संध्याकाळ आगीपुढे आणलं जातं असं आहे आणि कयामतचा उल्लेख त्यानंतर येतो. आलिम ती आयतही इथं पुढे करतात.

म्हणजे मुलाचा नियम शब्दशः धरला, तरी कबरीचा अजाब त्याच्या चाळणीतून खाली पडत नाही. खाली पडेल ते तपशील. प्रश्न विचारणाऱ्या दोन फरिश्त्यांची मुनकर आणि नकीर ही नावं, त्यांचा काळा-निळा रंग, हे तिरमिजीतल्या अबू हुरैरांच्या एका हदीसमध्ये आहे. नियम लावायचाच तर तो इथं लागतो. तरीही इमाम तहावी (मृत्यू 933), जे स्वतः हनफी, त्यांनी आपल्या अकीद्याच्या छोट्या पुस्तकात मुनकर-नकीरच्या सवालाचा उल्लेख केलाच आहे आणि तो प्रेषितांकडून व सहाबांकडून आलेल्या खबरींच्या हवाल्यानं केला आहे. खबर सहीह आहे, तर ती मानायची. तिच्यावरून कुणाचं ईमान मोजायचं नाही. जुन्या लोकांना या दोन गोष्टी एकत्र ठेवायला अडचण वाटत नसे.

तर मुलाशी बोलताना ‘मानतोस की नाही’ असं विचारू नका. त्याला विचारा की नेमकी कोणती हदीस आहाद आहे, तिची सनद कुठं एकटी पडते आणि तोच अर्थ आणखी किती सहाबांकडून आलाय, हे त्यानं स्वतः पाहिलंय का. इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, कागदावर साखळ्या मांडून बघायला त्याला आवडेल. सुरुवात नियतच्या हदीसपासून करू द्या, मग या दुआवर येऊ द्या. दोन्ही साखळ्या शेजारी आल्या की एकटी सनद म्हणजे काय आणि अनेक बाजूंनी आलेला अर्थ म्हणजे काय, हे त्याला न सांगता दिसेल. दुआ तो म्हणतोय, ती म्हणू द्या. आणि ‘सहीह पण आहाद’ म्हणजे ‘न मानलं तरी चालतं’ असं त्याला वाटत असेल, तर शाफईंचं ते वाक्य त्याला ऐकवा. शंकेवर अडून राहायचा हक्क त्यालाही नाही.

दिरांना सांगा की खोटी कोणी म्हटलेली नाही आणि त्यांच्याच मजहबमध्ये फर्ज आणि वाजिब हे दोन खाने याच कारणानं झाले आहेत. त्यांना हे लगेच पटेल.

राहिला ग्रुपवरचा मित्र. कबरीचा अजाब नाकारणारे काही मुअतजिली, म्हणजे तर्काला पुढे ठेवणाऱ्या एका जुन्या पंथाचे लोक, होऊन गेले. आयती-हदीसचा वेगळा अर्थ लावून त्यांनी तो नाकारला. अहले सुन्नतच्या आलिमांनी त्यांना बिदअती ठरवलं, त्यांच्याशी कडाक्याचे वाद घातले. तुमचा मुलगा तर नाकारतसुद्धा नाही, तो पुराव्याची पायरी विचारतोय आणि नमाजात पनाह मागतोय. फतव्याचं काम मित्रानं मुफ्तींकडे सोपवावं आणि ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाकावा. मुलानं उलट उत्तर लिहायला घेतलं असेल, तर त्यालाही ते पाठवू देऊ नका.